पेपरमिंटचा चहा: दहाचा ढेकर, दीडची जळजळ

*नमस्कार. वय ५६, इंदूरला राहते. जेवण झालं की पोट फुगतं, जड वाटतं, ढेकर अडकल्यासारखा होतो. बंगळुरूच्या सुनेने पेपरमिंटच्या चहाचा मोठा डबा पाठवला. दीड महिना झाला, रात्री साडेनऊच्या जेवणानंतर मोठा मग भरून घेते. ढेकर येतो, दहा मिनिटांत मोकळं वाटतं. अकराला झोपते. पण दीडच्या सुमारास छातीत जळजळ होऊन जाग येते, घशाशी आंबट येतं. मग उठून पुन्हा अर्धा कप करून पिते, आत थंड वाटतं. पहाटे पुन्हा तेच. यांना मात्र हाच चहा छान मानवतो. बीपीची गोळी सोडली तर मला कसलंही औषध नाही. चहा कमी पडतोय का? आणि जास्त होत असेल, तर सुनेला कसं सांगू? तिने फार प्रेमाने पाठवलाय.*
*— एक वाचक, इंदूर*

ताई, सप्रेम नमस्कार.

चहा कमी पडत नाहीये. तुम्हाला बरं वाटायला लावणारा तो ढेकर आणि तुमची झोप मोडणारी ती जळजळ, दोन्ही एकाच दारातून येतात, आणि पेपरमिंट ते दार सैल करतं. हे दार एकदा नीट समजलं की पुढचं बरंचसं तुमचं तुम्हालाच उमगेल, म्हणून आधी तिथेच थोडं थांबते.

घशातून खाली आलेली अन्ननलिका छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल ओलांडून जठराला मिळते. तिच्या खालच्या टोकाशी, साधारण ३-४ सेंटिमीटर लांबीत, स्नायूंचं एक कडं असतं. आपण सोयीसाठी त्याला झडप म्हणतो, पण खरं तर ते नाडी ओढून आवळलेल्या बटव्याच्या तोंडासारखं आहे. एरवी आवळलेलं असतं, घास गिळला की सैल होतं, घास खाली गेला की पुन्हा आवळतं. जठरातलं आम्ल वर येऊ नये म्हणून ही व्यवस्था. जठराच्या भिंतीवर चिकट पदार्थाचा थर असल्यामुळे तिला ते आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही, म्हणून थोडं आम्ल वर आलं तरी तिथे चरचरतं.

हे कडं न गिळताही अधूनमधून उघडतं. जेवणाने किंवा हवेने जठराचा वरचा भाग ताणला गेला, की मज्जातंतूंमार्फत निरोप जातो आणि कडं काही सेकंद सैल होतं. तोच ढेकर. तुम्ही बसलेल्या असाल तर हवा वर आणि पातळ अन्न खाली असतं, त्यामुळे बहुतेक वेळा नुसती हवाच बाहेर पडते. भरलेली बाटली उभी धरून बूच काढलं तर काही सांडत नाही ना, तसं. आता तीच बाटली आडवी करून बूच काढा. रात्री तुम्ही झोपलेल्या असताना कडं सैल झालं तर दाराशी हवा नसते, आम्ल मिसळलेलं अन्न असतं.

आता पेपरमिंट काय करतं ते बघू. त्याच्या पानातल्या तेलात मेंथॉल हा मुख्य घटक असतो. आपल्या आतड्यांचे, जठराचे, त्या कड्याचे स्नायू आपल्या इच्छेने चालत नाहीत. ते आवळायचे तर पेशींमध्ये कॅल्शियम शिरावं लागतं. मेंथॉल कॅल्शियमची ही वाट अडवतं आणि स्नायू ढिला पडतो. आतड्यात पीळ पडल्यासारखं दुखत असेल तर हे वरदानच आहे, कारण तिथला आवळ सुटतो आणि अडकलेली हवा पुढे सरकते. पण मेंथॉलला आतडं कुठलं आणि कडं कुठलं हे कळत नाही. गिळलं की वाटेत ते आधी कड्यालाच भेटतं. म्हणून तुम्हाला ढेकर सहज येतो. तो पोट सुधारल्याचा ढेकर नाही, नाडी सैल झाल्याचा आहे.

दीड वाजता जे "थंड वाटतं", त्याचाही उलगडा करायला हवा, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. थंडी ओळखणारी मज्जातंतूंची जी टोकं असतात, त्यांना मेंथॉल चेतवतं. तापमान तसंच राहतं, पण मेंदूला गारवा जाणवतो. डोकं दुखताना कपाळाला बाम लावल्यावर जे होतं तेच. आम्ल मात्र एका थेंबानेही कमी होत नाही. चहातलं पाणी अन्ननलिकेला चिकटलेलं आम्ल धुऊन खाली नेतं, त्यामुळे काही मिनिटं खरंच आराम पडतो. तो आराम साध्या कोमट पाण्याच्या चार घोटांनीही पडला असता, आणि कडं पुन्हा सैल झालं नसतं.

मग एकच चहा यांना मानवतो आणि तुम्हाला का नाही? माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. आपण मराठीत या सगळ्याला "पित्त झालं" किंवा "गॅस झाला" म्हणून मोकळे होतो. पोट जड झालं तरी पित्त, छातीत जळलं तरी पित्त, अर्धं डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. शब्द एक झाला की औषधही एकच होतं, आणि एकाचा डबा दुसऱ्याकडे जातो. जेवणानंतर बेंबीच्या आसपास गुडगुड, फुगा, कळ येऊन वारा सरल्यावर बरं वाटणं, ही तक्रार आतड्याकडची असते. यांचं बहुधा तसंच असावं, आणि छातीत जळत नसेल तर त्यांनी चहा खुशाल घ्यावा. दोन घास खाताच पोट भरल्यासारखं वाटणं, बरगड्यांखाली मधोमध जडपणा, हे जठराचं अपचन. आणि छातीच्या हाडामागे खालून वर चढणारी आग, घशाशी आंबट पाणी, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारा त्रास, हे आम्ल वर येण्याचं लक्षण. तुम्हाला संध्याकाळी दुसरं आहे आणि रात्री तिसरं. दुसऱ्यासाठी घेतलेला उपाय तिसऱ्याला वाढवतोय.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं सांगते, म्हणजे हा फरक डोळ्यांपुढे उभा राहील. त्यांचं आतडं हळवं. ताण आला की पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. त्यांना पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल दिल्या होत्या. अशा त्रासात त्यांचा उपयोग होतो हे चाचण्यांमधून दिसलेलं आहे. या कॅप्सूलवर एक खास आवरण असतं, ते जठराच्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. म्हणजे बनवणाऱ्यांनीच तेल त्या कड्यापाशी मोकळं होऊ नये याची तजवीज केलेली असते. पंधरा दिवस छान गेले आणि मग ते छाती चोळत आले. चौकशी केल्यावर कळलं की कॅप्सूल जड पडू नये म्हणून ते तिच्याबरोबर अ‍ॅसिडिटीचं पातळ गुलाबी औषध घेऊ लागले होते. त्या औषधाने जठरातलं आम्ल मारलं, आवरणाला वाटलं आतडं आलं, आणि तेल तिथेच सुटलं. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, कॅप्सूल जेवणाआधी घ्यायला सांगितली, चावायची नाही हेही बजावलं. जळजळ थांबली. ताई, तुमच्या चहाला तर असं कुठलंच आवरण नाही. तो पहिल्या घोटापासून उघडा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कड्यावरच्या परिणामाचं जे शास्त्र आहे ते मुख्यतः पेपरमिंटच्या तेलावरून आलेलं आहे. चहात तेलाचं प्रमाण कॅप्सूलपेक्षा खूपच कमी असतं. त्यामुळे पेपरमिंटचा चहा प्यायला की प्रत्येकाला जळजळ होतेच असं नाही. कित्येकांना काहीही होत नाही. ज्यांचं कडं मुळातच थोडं ढिलं आहे, ज्यांच्या जठराचा थोडा भाग श्वासपटलातून वर सरकलेला आहे किंवा ज्यांना आधीपासून आंबट वर येतं, त्यांना तो नडतो. म्हणून सगळ्यांना सरसकट बंदी न घालता, ज्याला त्रास होतो त्याने टाळावा, असंच आम्ही सांगतो. तुम्हाला होतो की नाही, हे कळायची पद्धत पुढे देते.

त्याआधी तुमची एक रात्र घड्याळ लावून बघू या. साडेनऊला जेवण. भरलेलं जठर रिकामं व्हायला काही तास लागतात, आणि तेला-तुपाचं जेवण असेल तर आणखी वेळ. भाजीवर सेव, वर पापड तळलेला, शनिवारी सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू, हे आपलं इंदुरी जेवण जठरात मुक्काम ठोकतं. दहाला मोठा मग, म्हणजे पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी त्या भरल्या जठरात. जठर आणखी ताणलं जातं, आणि ताणलं गेलं की कडं जास्त वेळा उघडतं, हे वर आलंच आहे. म्हणजे मेंथॉल बाजूला ठेवलं तरी त्या वेळी एवढं पाणीच जाचक आहे. चहाचा मग झाकून ठेवत असाल तर त्यात अर्क जास्त उतरतो, कारण मेंथॉल वाफेबरोबर उडून जाणारं आहे आणि झाकणामुळे ते कपातच राहतं. पोट दुखणाऱ्यासाठी झाकण ठेवणं योग्यच, तुमच्यासाठी नाही. अकराला तुम्ही आडव्या. जेवून दीड तास, चहा पिऊन तास. अन्न अजून जठरातच, कडं सैल, बाटली आडवी. आणि झोपेत आपण गिळतो कमी, लाळही कमी सुटते, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुतलं जात नाही, बराच वेळ तिथेच राहतं. दीडला जाग. पुन्हा अर्धा कप, पुन्हा आडवं. पहाटेची जळजळ ही त्या अर्ध्या कपाची आहे, असं मला वाटतं.

आता तुमच्या बीपीच्या गोळीकडे या. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पाकिटावर बघा. अ‍ॅम्लोडिपिन किंवा त्या जातीची गोळी असेल तर तीही कॅल्शियमची वाट अडवूनच काम करते. ती रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते म्हणून रक्तदाब उतरतो. पण मेंथॉलसारखीच तीही काही जणांमध्ये या कड्याला ढिलं करते. एका कड्यावर दोन सैल करणारे हात पडले तर नवल नाही. यावरून गोळी मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. रक्तदाब उसळला तर तो जळजळीपेक्षा फार महागात पडेल. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना फक्त एवढं सांगा की छातीत जळजळ सुरू झाली आहे. गरज वाटली तर रक्तदाबासाठी दुसऱ्या जातीच्या गोळ्या आहेत, निर्णय त्यांना घेऊ दे. सांधे दुखतात म्हणून कधीमधी वेदनाशामक गोळी घेत असाल तर तीही त्यांना सांगा. बायका "औषध काही नाही" म्हणतात तेव्हा ही गोळी त्यात धरतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

करायचं काय, ते आता. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. उशाशी एक वही ठेवा. पहिले सात दिवस फक्त पेपरमिंट बंद. जेवणाची वेळ, जेवण, झोप, सगळं आहे तसंच. सकाळी उठल्यावर दोनच गोष्टी लिहा: रात्री किती वेळा जाग आली, आणि जेवणानंतर पोट किती फुगलं. पेपरमिंट बंद म्हणजे फक्त चहा नव्हे. जेवणानंतरच्या पानात पिपरमिंट असतं. तोंडात धरायच्या गार गोळ्या, पुदिन्याच्या अर्काच्या पोटदुखीच्या गोळ्या, आणि आपल्या जुन्या घरांतली अमृतधारा, जी पिपरमिंटचे खडे, ओव्याचं फूल आणि कापूर एकत्र करून केलेली असते, या सगळ्यांत मेंथॉल आहे, आणि अमृतधारेत तर ते चहाच्या कितीतरी पट तीव्र असतं. हे सगळं त्या सात दिवसांत लांब ठेवा.

पुदिन्याची चटणी चालेल का, हे तुम्ही विचारणारच. आपल्या कुंडीतला पुदिना आणि पेपरमिंट ही भावंडं आहेत, पण एक नव्हेत. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि साधा पुदिना यांच्या संकरातून झालेला. साध्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या वेगळ्या द्रव्याचा, त्यात मेंथॉल अगदी थोडं. म्हणून जेवताना चमचाभर चटणीने कडं ढिलं पडेल असं मला वाटत नाही. त्या चटणीतली हिरवी मिरची आणि लिंबू मात्र आधीच लाल झालेल्या अन्ननलिकेला झोंबतील. तेवढ्यापुरती ती रात्री नको, दुपारी चालेल.

दुसऱ्या आठवड्यात जेवण आठाच्या आत आणा. झोपण्याआधी तीन तास पोटात काही जाऊ नये, हे यातलं सगळ्यात गुणकारी पाऊल आहे, आणि इंदुरात सगळ्यात अवघडही, हे मला ठाऊक आहे. सगळ्या घराची वेळ हलवता येत नसेल तर तुम्ही एकट्या आधी जेवा आणि बाकीच्यांना वाढायला बसा. यात संकोच करू नका. सकाळचे पोहे-जिलबी, जिरावण, सेव हे सोडायची गरज नाही. ते खाल्ल्यावर तुम्ही दिवसभर उभ्या-बसलेल्या असता, बाटली उभी असते. जेवणानंतर परकराची नाडी थोडी सैल करा, ही गोष्ट डॉक्टर सहसा बोलत नाहीत. कमरेला घट्ट आवळलेली नाडी भरल्या पोटावर दाब देते आणि तो दाब वरच्या दिशेनेच वाट शोधतो. पंधरा-वीस मिनिटं सावकाश फिरा. फुगलेपणाला चहाने जे मिळत होतं त्यातलं बरंचसं या फिरण्याने मिळतं, शिवाय तुम्ही तेवढा वेळ उभ्या राहता.

तिसरी गोष्ट पलंगाची. उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा लावून तो भाग १५ ते २० सेंटिमीटर उचला. आडव्या ठेवलेल्या दोन विटा एकावर एक म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर होतात. पलंग हलणार नाही असा पक्का बसवा. उशांवर उशा रचू नका. त्याने फक्त मान वर जाते, कंबरेत घडी पडते आणि पोट उलट दाबलं जातं. पूर्ण पलंगच तिरका हवा. डाव्या कुशीवर झोपा. जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर जठरातलं अन्न कड्याच्या खालच्या पातळीला राहतं, उजव्या कुशीवर ते कड्यावर येऊन टेकतं. रात्री तरीही जाग आली तर उठून बसा, कोमट पाण्याचे चार घोट घ्या, पंधरा मिनिटांनी झोपा. खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर घेऊ नका. सोडा आम्ल मारतो हे खरं, पण त्यातून वायू निघतो, जठर फुगतं आणि कडं पुन्हा उघडतं. शिवाय त्यात सोडियम भरपूर असतं, आणि तुमचा रक्तदाब आहे.

पहिल्याच आठवड्यात रात्रीची जाग निम्म्याने कमी झाली तर चहाचा हात होता हे समजा. तिसऱ्या आठवड्यानंतर, सगळं शांत असेल तर, उलटी तपासणी करून बघा. दुपारी चारला, पोट अर्धं रिकामं असताना, छोटा कप, पिशवी दोनच मिनिटं बुडवून, वर झाकण न ठेवता. त्यानंतर चार-पाच तास आडवं व्हायचं नाही. तीन दिवस असं करून जळजळ आली नाही, तर दुपारचा कप तुमचा. आली, तर हा चहा तुमच्यासाठी नाहीच.

चहा बंद करूनही, जेवण लवकर करूनही आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा जळत असेल, तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा आम्ल कमी करणारी, पँटोप्राझोलसारखी गोळी साधारण आठ आठवडे देतील. आपल्याकडे हिला "गॅसची गोळी" म्हणतात आणि जेवून झाल्यावर, जळायला लागल्यावर घेतात. ती गॅस कमी करत नाही, आणि तशी घेतली तर आम्लावरही निम्मंच काम करते. आम्ल तयार करणारे पंप जेवणाने चालू व्हायच्या वेळी ती रक्तात असावी लागते, म्हणून न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, रोज, आणि पूर्ण परिणामाला काही दिवस द्यायचे. दुकानातून मनाने आणून वर्षानुवर्षं घेऊ नका.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर वही, विटा काहीही करत न बसता लगेच जायचं. घास अडकतोय, गिळताना दुखतंय, वजन कारण नसताना उतरतंय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी असल्याचं तपासणीत आलंय. तुमच्या वयात छातीची जळजळ पहिल्यांदाच सुरू झाली आहे, म्हणून यातलं काही नसलं तरी एकदा डॉक्टरांना भेटाच, आणि हृदयाचा आलेखही काढून घ्या. आणखी एक. जळजळीबरोबर घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी कळ, जिना चढताना छातीत दाब येऊन थांबलं की ओसरणं, असं काही झालं तर ते अपचन समजू नका. बायकांमध्ये हृदयाचा झटका कित्येकदा "गॅस" म्हणूनच अंगावर काढला जातो. थेट १०८ ला फोन करा, चहाचं आधण ठेवू नका.

सूनबाईंना खरं तेच सांगा. तिने पाठवलेला चहा चांगला आहे आणि तिच्या सासऱ्यांना मानवलाय, पोटासाठी त्याचा उपयोग कसा होतो हेही तिला सांगा. तुमचं दुखणं मात्र पोटाच्या वरच्या दारापाशी निघालं. डबा यांच्या ताब्यात द्या, आणि तिला काही पाठवायचंच असेल तर पलंगाखाली लावायला लाकडी ठोकळे मागवून द्यायला सांगा. विटांचा चुरा फरशीवर सांडतो, ठोकळे बरे पडतील.